धागा: यकृताच्या होमोजिनेटमध्ये टीबीएचा रंग गुलाबी न येता नारिंगी येतोय

सोनल_कोथरूड
नमस्कार मंडळी. उंदराच्या (रॅट) यकृतात लिपिड पेरॉक्सिडेशन मोजतेय. एक गट कंट्रोल, दुसरा कार्बन टेट्राक्लोराइड दिलेला. पद्धत नेहमीची, एसडीएस-अ‍ॅसेटिक आम्लाची: १०% होमोजिनेट ०.२ मिली, ८.१% एसडीएस ०.२ मिली, २०% अ‍ॅसेटिक आम्ल (सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ३.५ केलेलं) १.५ मिली, ०.८% टीबीए १.५ मिली, आणि पाणी घालून एकूण ४ मिली. ९५ अंशाला एक तास. गार करून १ मिली पाणी आणि ५ मिली ब्यूटेनॉल-पिरिडिन (१५:१), हलवून सेंट्रिफ्यूज, वरच्या थराचं ५३२ ला रीडिंग.

स्टँडर्डच्या नळ्या छान गुलाबी येतात. नमुन्यांच्या नळ्या मात्र नारिंगी, मोसंबीच्या सरबताकडे झुकणाऱ्या. कंट्रोल ०.१५०, कार्बन टेट्राक्लोराइड ०.१७८. फरक जेमतेम १९ टक्के. या विषाने एवढाच फरक पडावा हे पटत नाही. टीबीए जुना झालाय का? बाटली उघडून बरेच महिने झालेत.

---

अवधूत_प
टीबीए जुना झाला की पिवळट पडतो, पण मग तुमचा ब्लँकही पिवळा आला असता. तो कसा आहे?

माझ्या मते तुमच्या नळीत गढूळपणा आहे. ६०० ला रीडिंग घ्या आणि ५३२ मधून वजा करा. झालं काम.

---

सोनल_कोथरूड
ब्लँक (होमोजिनेटऐवजी पाणी) जवळजवळ रंगहीन आहे. ६०० ला नमुना ०.००४. म्हणजे वजा करण्यासारखं काही नाहीच.

---

मेघना_ल
सोनल, एकच प्रश्न. होमोजिनेट कशात केलंय?

---

सोनल_कोथरूड
०.२५ मोलर सुक्रोज, १० मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए. त्याच यकृतातून मायटोकाँड्रिया काढायचे असतात, म्हणून सगळं एकाच बफरमध्ये करतो. शिवाय ईडीटीए असलेलं चांगलंच ना, लोखंड बांधून ठेवतं.

---

मेघना_ल
मग टीबीएची बाटली निर्दोष आहे. तुमची नळी साखरेच्या पाकाची आहे.

हिशोब मांडून बघा. ०.२ मिली होमोजिनेटमध्ये ऊतक साधारण २० मिलिग्रॅम. बफरमधलं सुक्रोज ०.२ मिली × ०.२५ मोलर, म्हणजे जवळपास ५० मायक्रोमोल, म्हणजे ५०,००० नॅनोमोल. तुम्हाला मोजायचाय तो एमडीए त्याच नळीत दोनेक नॅनोमोल. साखरेच्या पंचवीस हजार रेणूंपैकी एकाने जरी टीबीएबरोबर गुलाबी रंग दिला तरी तुमचा आकडा दुप्पट.

आम्लात तासभर उकळल्यावर सुक्रोज तुटतं, त्यातला फ्रुक्टोज पुढे फुटून वेगवेगळे आल्डिहाइड तयार होतात. त्यांचा टीबीएबरोबर जो रंग होतो तो मुख्यतः पिवळा, ४५० च्या आसपास. त्याचं शेपूट ५३२ पर्यंत येतं. पिवळा अधिक गुलाबी म्हणजे नारिंगी. रंग डोळ्यांनीच सांगतोय, पण फक्त ५३२ चा आकडा वहीत उतरवला की तो दिसत नाही.

आता तीन गोष्टी करा. एक, एका नमुन्याचा ४०० ते ६५० पूर्ण स्कॅन घ्या. दोन, ऊतक न घालता नुसतं सुक्रोज बफर ०.२ मिली घेऊन तीच सगळी प्रक्रिया करा. पाण्याचा ब्लँक इथे कामाचा नाही, कारण त्यात साखरच नाही. तीन, उरलेल्या यकृताचा तुकडा असेल तर तो सुक्रोजशिवाय, सलाइनमध्ये वाटून बघा.

ईडीटीएबद्दल: ते लोखंड बांधतं खरं, पण बांधलेलं लोखंड त्यातही क्रियाशील राहू शकतं. डिफेरॉक्सामिन त्या बाबतीत जास्त भरवशाचं. पण तुमच्या नारिंगी रंगाचं कारण ते नाही.

---

अवधूत_प
मेघनाताई, सुक्रोज असू दे की. स्पाइक रिकव्हरी काढली की कळेल त्रास होतोय की नाही. माहीत असलेला एमडीए घाला, परत किती मिळतो बघा. ९५ ते १०५ टक्के आला तर पद्धत ठीक.

---

मेघना_ल
अवधूत, इथेच बरेच जण फसतात. स्पाइकने कळतं ते एवढंच, की काही घटक रंग दाबतोय का, म्हणजे उताराला धक्का लागतोय का. सुक्रोज रंग *वाढवतं*. ती भर स्पाइकच्या आधीही असते आणि नंतरही, वजाबाकीत उडून जाते. १ नॅनोमोल घातला तर ५ मिली ब्यूटेनॉलमध्ये तो ०.२ मायक्रोमोलर, आणि १,५६,००० च्या गुणांकाने वाढ ०.०३१. सोनलच्या नळीतही ती ०.०३० च्या घरात येईल, रिकव्हरी ९७ टक्के, आणि मूळ आकडा तरीही फुगलेलाच.

६०० च्या वजाबाकीचंही तसंच. ती सपाट गढूळपणासाठी बरी. उतरत्या शेपटाला ६०० वर पोचेपर्यंत जीवच उरत नाही, मग वजा काय करणार?

---

पानवाली
मध्येच घुसते, माफ करा, पण माझ्याकडेही टीबीएचाच घोळ आहे. लाल माठाच्या पानांत ताण दिल्यावर एमडीए बघतेय. ०.१% टीसीएमध्ये पानं वाटून, २०% टीसीएतला ०.५% टीबीए घालून ९५ अंशाला ३० मिनिटं. ताण न दिलेल्या पानांतच ५३२ ला भरमसाट रीडिंग येतं. अँथोसायनिनमुळे असेल. तुम्ही उतारा काय केलात? मीपण सलाइन वापरू का?

---

मेघना_ल
पानवाली, सलाइनने तुमचं काही होणार नाही, तुमचा रंग पानातच आहे. आणि लाल माठात अँथोसायनिन नसतं, त्यात अमरँथिन असतं, बीटच्या कुळातलं रंगद्रव्य. ते स्वतःच ५३६ च्या आसपास शोषतं, म्हणजे अगदी तुमच्या शिखरावर बसलेलं.

उपाय: प्रत्येक नमुन्याची जोडनळी ठेवा, ज्यात टीबीए सोडून सगळं आहे. ती जोडनळीही ९५ अंशाला तितकाच वेळ ठेवायची. हे महत्त्वाचं, कारण हे रंगद्रव्य उष्णतेने बरंचसं मरतं. थंड जोडनळी वजा केलीत तर गरजेपेक्षा जास्त वजा होईल आणि काही नमुन्यांत एमडीए ऋण येईल.

---

पानवाली
ऋण आकडे आलेच होते! मी त्या नळ्या फेकल्या होत्या.
आणि आमच्या वनस्पतीवाल्यांकडे साखरेसाठी एक दुरुस्ती आहे, सोनलला उपयोगी पडेल. ४४० आणि ६०० च्या रीडिंगमधला फरक घ्यायचा, ०.०५७१ ने गुणायचा, आणि ५३२ मधून वजा करायचा. लावून टाका.

---

सोनल_कोथरूड
सगळं करून आले. रीडिंग सगळी ब्यूटेनॉल थराची, पाण्याचा ब्लँक शून्य धरून:

```
               508     532     556
सुक्रोजमध्ये     0.160   0.150   0.046
सलाइनमध्ये     0.036   0.060   0.014
```

दोन्ही एकाच कंट्रोल यकृताचे तुकडे. सलाइनवाली नळी गुलाबी! ५०८ आणि ५५६ मेघनाताईंनी व्यनित सांगितले म्हणून घेतले.
नुसतं सुक्रोज बफर, ऊतक नाही: ५३२ ला ०.०५८, ४४० ला ०.८१.
कार्बन टेट्राक्लोराइडवाल्या यकृताचा सलाइनमधला तुकडा: ५३२ ला ०.०९०.

म्हणजे कंट्रोल ०.०६० ला १.९ नॅनोमोल, २० मिलिग्रॅमने भागून ग्रॅमला ९६. विषवाला १४४. फरक १९ नव्हे, ५० टक्के. सुक्रोजने फरकच गिळला होता.

एक कळत नाही. सुक्रोजमधल्या नमुन्यातून सुक्रोजचा ब्लँक वजा केला तर ०.१५० − ०.०५८ = ०.०९२. सलाइनमध्ये ०.०६०. मग वरचे ०.०३२ कुठून आले?

---

मेघना_ल
छान काम केलंस. आता तुझ्या तक्त्यातून शिकू.

पहिलं, ५०८ आणि ५५६. हे दोन्ही ५३२ पासून चोवीस-चोवीस अंतरावर आहेत, म्हणून त्यांची सरासरी म्हणजे शिखराखालची सरळ उतरती पार्श्वभूमी. सुक्रोजमध्ये ५०८ चं रीडिंग ५३२ पेक्षाही *जास्त* आहे. शुद्ध गुलाबी नळीत हे कधीच होत नाही. एवढ्या एका खुणेने पुढच्या वेळी ओळखता येईल.
सुक्रोज: ०.१५० वजा ०.१०३, राहिले ०.०४७.
सलाइन: ०.०६० वजा ०.०२५, राहिले ०.०३५.
दुरुस्तीपूर्वी सलाइनच्या अडीचपट असलेला आकडा दुरुस्तीनंतर सलाइनपेक्षा एक-तृतीयांशच जास्त राहिला. मोठी सुधारणा, पण पूर्ण नाही.
एक ताकीद: ही वजाबाकी खऱ्या गुलाबी शिखराचाही काही भाग खाते, कारण शिखराचे पाय ५०८ आणि ५५६ पर्यंत पसरलेले असतात. म्हणून ०.०३५ ला थेट १,५६,००० ने भागायचं नाही. स्टँडर्डच्या नळ्यांवरही तीच वजाबाकी करायची आणि त्या रेषेवरून वाचायचं.

दुसरं, तुझे ०.०३२. ब्लँकमधली साखर एकटी होती. नमुन्यातली साखर ऊतकाबरोबर उकळली: तिथे लोखंड होतं, आणि ऊतकातले इतर आल्डिहाइडही. सुक्रोज आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड एकत्र आले तर टीबीएबरोबर ५३२ लाच गुलाबी रंग देतात, हे जुनं माहितीतलं आहे. म्हणजे साखरेचं नुसतं पिवळं शेपूट नाही, खराखुरा गुलाबीही थोडा येतो, आणि तो किती हे ऊतकावर ठरतं. म्हणून ब्लँक वजा करून सुटका नाही. तुझ्या यकृतात नेमकं कोण जबाबदार आहे हे या तक्त्यातून सिद्ध होत नाही, तेवढं मी म्हणणार नाही.

पानवालीचा ०.०५७१: तो गुणांक टीसीएच्या पद्धतीत, नुसत्या सुक्रोजच्या १ ते १० मिलिमोलर द्रावणांवरून काढलेला आहे. सोनलच्या नळीत आम्ल वेगळं, एसडीएस आहे, वाचन ब्यूटेनॉलमध्ये आणि सुक्रोज साडेबारा मिलिमोलर. तिच्या ब्लँकवरून येतं ०.०५८ भागिले ०.८१, म्हणजे ०.०७२. प्रत्येकाने आपल्या नळ्यांतून आपला गुणांक काढायचा, उसना घ्यायचा नाही. आणि वर सांगितलेली एकत्र-उकळण्याची भानगड त्यालाही लागू आहेच.

---

अवधूत_प
मग सरळ एचपीएलसीवर घाला ना. शिखर वेगळं झालं की साखर गेली, बिलिरुबिन गेलं, सगळं गेलं.

---

मेघना_ल
पिवळा जाईल, ते मान्य. इंजेक्शनआधी नळी पीएच सातच्या जवळ आणायची, नाहीतर ते आम्ल सी-१८ कॉलमचा बळी घेईल. पण डीऑक्सिरायबोजच्या तुटण्यातूनही एमडीएच निघतो, आणि त्याचं शिखर तुझ्या चरबीवाल्या एमडीएच्या शिखरावरच येतं. कॉलमला वंशावळ विचारता येत नाही.

---

डेक्कनचा_शिपाई
सलाइनऐवजी मूळ पद्धतीत १.१५% पोटॅशियम क्लोराइड आहे. आमच्याकडे तसं करतात, पण नळ्या बर्फावर ठेवल्या की दुधासारख्या पांढऱ्या होतात. हे लिपिड आहे का प्रोटीन? सेंट्रिफ्यूज केलं की मधे पांढरा पापुद्रा बसतो, पिपेट टोचला की वर येतो आणि क्युव्हेटमध्ये जातो.

---

मेघना_ल
लिपिड नाही, प्रोटीन नाही. तो तुमचा एसडीएसच आहे. पोटॅशियम मिळालं की तो पोटॅशियम डोडेसिल सल्फेट होतो आणि ते थंड पाण्यात विरघळत नाही. तुमच्या ४ मिली नळीत पोटॅशियम साधारण ८ मिलिमोलर आणि एसडीएस १४ मिलिमोलर आहे, एवढं पुरतं. तासभर गरम असताना दिसत नाही, बर्फावर दिसतं. दोन सोपे मार्ग: होमोजिनेट ०.९% सोडियम क्लोराइडमध्ये करा, किंवा पोटॅशियम ठेवायचंच असेल तर बर्फाऐवजी नळाच्या पाण्यात गार करा आणि ब्यूटेनॉलचा वरचा थर घेताना १ मिली मागे सोडा. अ‍ॅसेटिक आम्लाचा पीएच पोटॅशियम हायड्रॉक्साइडने केला असेल तर तोच घोळ दुप्पट. इथे मात्र अवधूतची ६०० ची वजाबाकी उपयोगी आहे, गढूळपणा आला की ती लगेच ओरडते.

---

अवधूत_प
चला, एकदा तरी बरोबर ठरलो :)

---

सोनल_कोथरूड
आता सलाइनवर पूर्ण संच करतेय. बीएचटी घालायचं का? आमच्या मार्गदर्शकांनी जुन्या कागदात घातलेलं नाही.

---

मेघना_ल
९५ अंशाचा एक तास म्हणजे नळीतच नवीन पेरॉक्सिडेशन चालू असतं. यकृतात रक्ताचं हीम भरपूर, त्यात आधीच्या हायड्रोपेरॉक्साइडांना ते फोडतं. बीएचटीशिवायचा आकडा म्हणजे 'नमुन्यात होता तो' अधिक 'तासाभरात शिजून झाला तो'. मी घालते. इथेनॉलमध्ये २% बीएचटी करून होमोजिनेटच्या प्रत्येक मिलीला १० मायक्रोलिटर, म्हणजे ०.०२%. सलाइनमध्ये आधीच मिसळून ठेवलं तर वर तेलकट थेंब तरंगतात, म्हणून वाटताना घालायचं. टीबीए घालण्याआधी नळीतही तेवढंच बीएचटी.

आणि यकृत काढण्याआधी गार सलाइनने पोर्टल शिरेतून रक्त धुऊन काढ, तुकडा फिका तपकिरी होईपर्यंत. हीम गेलं की बरेच प्रश्न जातात.

---

दुर्गाटेकडी
बीएचटीबाबत असहमत. कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या विषात ऊतकात साठलेले हायड्रोपेरॉक्साइड हीच तर माहिती आहे. बीएचटी घातलंत तर ते नळीत फुटून एमडीए होत नाहीत आणि तुम्ही फरक कमी करता. मी दोन्ही मोजतो, बीएचटीसह आणि बीएचटीशिवाय, आणि दोन्ही स्तंभ छापतो.

---

मेघना_ल
दोन्ही छापत असाल तर माझी तक्रार नाही. एकच छापून त्याला 'एमडीए' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण तुमच्या बीएचटीशिवायच्या स्तंभात हीम किती राहिलं यावर फरक हलेल, आणि विषाने यकृतात रक्तस्राव झालेला असतो. मग गटागटांतला फरक पेरॉक्साइडचा की रक्ताचा?

---

दुर्गाटेकडी
मुद्दा आहे. रक्त धुऊन काढल्यावरही मला फरक दिसतो, पण तो किती उरतो हे मी वेगळं मोजलेलं नाही.

---

डेक्कनचा_शिपाई
बाथबद्दल एक. पुण्यात समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर पाणी ९८ अंशालाच उकळतं, म्हणून 'उकळत्या पाण्यात' लिहिलेल्या आणि ९५ ला सेट केलेल्या पद्धतीत इथे तीनच अंशांचा फरक. त्यापेक्षा नळी उघडी राहून पाणी आटणं हे मोठं. तोंडावर काचेच्या गोट्या ठेवा, रविवार पेठेत खेळण्याच्या दुकानात मिळतात. कापसाचा बोळा ठेवू नका, आमचे तीन बॅच त्याच्यामुळे आटले.

---

पानवाली
जोडनळी गरम करून आणली. ऋण आकडे गेले. पण माझी ताण न दिलेली पानं अजूनही जास्तच दाखवतात, ५०८ आणि ५३२ जवळपास सारखे. पानात साखर तर असणारच?

---

मेघना_ल
तुमच्याकडे आता टीबीएविना जोडनळी आहे, म्हणजे माठाचा रंग गेला. उरलं ते साखर. तुमची पद्धत टीसीएची आहे, म्हणून ०.०५७१ इथे जास्त शोभतो. तरी तुमच्या नळ्यांतून एकदा तपासा. पानं सकाळी तोडता की संध्याकाळी? दिवसभरात पानात साखर साठत जाते, आणि ताण दिलेली व न दिलेली पानं वेगवेगळ्या वेळी तोडलीत तर त्याला ताण म्हणू नका.

---

सोनल_कोथरूड
शेवटचा प्रश्न. उणे ८० ला सुक्रोजमधली अकरा होमोजिनेट उरलीत, ते प्राणी आता नाहीत. टीसीएने प्रोटीन पाडून वरचं पाणी घेतलं तर साखर जाईल का?

---

मेघना_ल
नाही. सुक्रोज आणि मोकळा एमडीए दोन्ही वरच्या पाण्यातच राहतात. पाडून फक्त हीम आणि प्रोटीन जातात. ती अकरा एमडीएसाठी सोडून दे. त्यांतून मायटोकाँड्रिया काढायच्या असतील तर पेलेट दोनदा सलाइनमध्ये धुऊन, दुसऱ्या धुण्याचं पाणी ४४० ला टीबीएबरोबर तपासून बघ. रंग नाही आला तर पेलेटमधला एमडीए मोजण्यालायक. पण गोठवून वितळवलेल्या होमोजिनेटमधून मायटोकाँड्रिया नीट निघतील का, हा वेगळा धागा.